मदत हवी आहे: बीएस्सी पाच सत्रांत पूर्ण करता येते का? क्रेडिट आणि फीचं गणित जुळेना

औसा_रोड: धाकटी बहीण लातूरला अनुदानित कॉलेजात बीएस्सी पहिल्या वर्षाला आहे. विद्यापीठ नांदेडचं. दुसऱ्या सत्राची परीक्षा आता संपेल. पहिल्या सत्रात सगळे विषय निघालेत, मार्कही चांगले आहेत. यूजीसीनं लवकर पदवी पूर्ण करायची सोय काढली, तिला पाच सत्रांत मोकळं व्हायचंय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत: पात्रता कोण ठरवतं, एका सत्रात जास्तीत जास्त किती क्रेडिट घेता येतात आणि सहाव्या सत्राची फी वाचते का? कॉलेजातल्या क्लार्कला विचारलं तर "असं काही आलेलं नाही" म्हणाले.

बालाघाट_डोंगर: होतं की. नव्या धोरणात दोन वर्षं झाली की बाहेर पडता येतं, डिप्लोमा मिळतो. तोच मार्ग आहे हा.

गोदाकाठ_नांदेड: नाही, बालाघाट भाऊ, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही म्हणता ते मधेच बाहेर पडणं झालं, त्यात पदवी मिळत नाही. त्वरित पदवीत क्रेडिट पूर्ण 132 च लागतात, अभ्यासक्रमही तोच. फक्त दर सत्राला जास्तीचे क्रेडिट घेऊन वेळ कमी करायचा. तीन वर्षांच्या पदवीत एकच सत्र कमी होतं, चार वर्षांच्या पदवीत फार तर दोन.

पात्रता कॉलेज किंवा विद्यापीठाची समिती ठरवते. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटीच अर्ज द्यायचा, त्यानंतर दार बंद. समिती आतापर्यंतची कामगिरी पाहते आणि जास्तीचा भार झेपेल का ते तपासते. जागा मंजूर प्रवेशसंख्येच्या 10 टक्क्यांपर्यंतच ठेवता येतात. तुकडी 60 ची असेल तर सहाच जण. म्हणून आधी हे विचारा की विद्यापीठानं ही सोय लागू करून समिती नेमली आहे का. यूजीसीनं परवानगी दिली म्हणजे प्रत्येक कॉलेजानं चालू केलीच असं नाही. क्लार्कचं उत्तर त्यामुळेच तसं आलं असेल. त्यांच्याकडं अडकू नका, प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

औसा_रोड: धन्यवाद. म्हणजे पहिल्या दोन सत्रांचे 44 सोडून उरलेले 88 क्रेडिट तीन सत्रांत. सत्राला 29-30. अवघड आहे, पण जमेल असं वाटतं.

गोदाकाठ_नांदेड: थांबा, सरासरीवर जाऊ नका. बहुतेकांचं गणित इथंच चुकतं.

आपल्याकडं सम सत्राचे पेपर जानेवारी ते मे आणि विषम सत्राचे जून ते नोव्हेंबर चालतात. बहिणीला उरले तिसरं, चौथं आणि पाचवं सत्र. तिसऱ्या आणि पाचव्या सत्राचे पेपर मिळून 44 होतात. ते आपापल्या वेळी पडतील, दर वेळी 22. पण चौथ्या आणि सहाव्या सत्राचे मिळून जे 44 आहेत, ते सगळे एकाच जानेवारी-मे मध्ये येतात, कारण सहावं सत्र तिच्या वाट्याला येणारच नाही. पाचवं संपलं की नोव्हेंबरात तिची पदवी पूर्ण. एका सत्रात 44 कोणतीही समिती देणार नाही.

त्यातले काही क्रेडिट बाहेर काढावे लागतील. ओजेटीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे 4 चौथ्या सत्रानंतरच्या सुट्टीत करून पाचव्यात मोजून घ्यायचे. 10 स्वयं या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर जुलैच्या फेरीत, 6 तिसऱ्या सत्रात आणि 4 पाचव्यात. एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयंवरून घेता येतात, पण कोणता कोर्स कोणत्या पेपरच्या बदल्यात चालेल हे अभ्यास मंडळ ठरवतं. ते लेखी घेतल्याशिवाय नाव नोंदवू नका. अशी वाटणी केली की तिसरं सत्र 28, चौथं 30, पाचवं 30. बेरीज 88.

किनवट_कडे: स्वयंचं खरं आहे. कोर्स फुकट असतो, परीक्षेची फी वेगळी. माझे 3 क्रेडिट पास होऊनही क्रेडिट जमा होतात त्या एबीसी खात्यात दिसत नव्हते, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नव्हतं. आधी ते बघून घ्या म्हणा ताईला.

वेळापत्रक_वाला: कॉलेजच्या बाजूनं सांगतो. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे दोन. 22 क्रेडिटमध्ये 16 थिअरी आणि 6 प्रॅक्टिकल धरले तर 28 तास होतात. 30 क्रेडिटमध्ये 21 आणि 9 धरले तर 39. सहा दिवस, रोज साडेसहा तास. तास बसतीलही, पण चौथ्या सत्रात ती दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसणार आणि सहाव्या सत्राचे पेपर तिसऱ्या वर्षासोबत करणार. दोन्ही प्रॅक्टिकल मंगळवारी दुपारी आली तर? हजेरी तिथंच जाते. बीए, बीकॉमला हे सोपं, बीएस्सीला प्रयोगशाळाच अडवते. शिवाय सहाव्याचा पेपर पाचव्याच्या आधी शिकायचा, तर पाया कुठून आणायचा? विषयशिक्षकाची संमती अर्जालाच जोडा.

बालाघाट_डोंगर: बरं, माझी समजूत चुकली. पण फीचं काय? सहा महिन्यांची तरी वाचतीच ना.

गोदाकाठ_नांदेड: ते धरून चालू नका. फी वर्षाची घेतात, सत्राची नाही. समजा तिसऱ्या वर्षाची फी 12,000 आहे. ती जूनमध्ये प्रवेश घेतानाच भरायची, नोव्हेंबरात मोकळी झाली म्हणून 6,000 परत मिळतील असा नियम मी पाहिलेला नाही. वर जास्तीच्या पेपरची परीक्षा फी. खरी बचत खोलीची आणि मेसची. महिना 5,000 धरले तर सहा महिन्यांचे 30,000.

शिष्यवृत्ती असेल तर जास्त जपा. महाडीबीटीवर दरवर्षी नूतनीकरण असतं, आणि तिथं अभ्यासक्रम तीन वर्षांचाच दिसतो. शेवटच्या वर्षी एकच सत्र असलेल्या मुलीची रक्कम पूर्ण येईल की अर्धी, हे समाजकल्याण कार्यालयाकडून लेखी घ्या.

परभणी_एक्झाम: मुळात घाई कशाला? नोव्हेंबरात संपवून एमएस्सीचे प्रवेश तर जून-जुलैतच. वर्षातून दोनदा प्रवेशाची मुभा आहे, पण ते संस्थेच्या मर्जीवर. मग सहा महिने घरी बसायचं?

औसा_रोड: एमएस्सी नाही करायची. सरळसेवेच्या जाहिरातीत अंतिम तारखेला पदवी हातात लागते, त्यासाठी.

परभणी_एक्झाम: मग फायदा आहे. राज्यसेवेला मात्र शेवटच्या वर्षालाही पूर्वपरीक्षा देता येते, तिथं घाईनं काही मिळत नाही. गुणपत्रिकेवर कमी वेळात पूर्ण केल्याची नोंद असेल, पण पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच धरायची असं यूजीसीनं म्हटलंय, भरतीतही. निकाल लागायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो, तेही धरा.

औसा_रोड: चौथ्या सत्रात एखादा पेपर राहिला तर परत नेहमीच्या सहा सत्रांत येता येतं का?

गोदाकाठ_नांदेड: विद्यापीठाच्या नियमात काय लिहिलंय यावर ते ठरेल, मी अंदाजानं सांगणार नाही. पण सम सत्राचा पेपर राहिला आणि पुरवणी परीक्षा नसेल तर तो पुढच्या उन्हाळ्यातच येईल, म्हणजे वाचवलेलं सत्र गेलंच. अर्जात हाच प्रश्न पहिला घाला.

वेळापत्रक_वाला: अर्जासोबत सत्रवार वाटणीचा तक्ता द्या: पेपरचं नाव, क्रेडिट, कोणत्या वर्गासोबत, प्रॅक्टिकलचा वार. नुसतं "मला लवकर पूर्ण करायचं आहे" असा अर्ज समितीपुढं टिकत नाही.

औसा_रोड: सोमवारी जातो. तक्ता करून इथं टाकतो, बघून सांगा.