रोजकीर्दीच्या पानाच्या फोटोवरून तेरीज केली, ४०० चा फरक निघत नाही. मदत हवी आहे

मेधा_गिरगाव:
मामांचं लालबागला वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. हिशोब अजून हाताने, लाल बासनातल्या वहीत. सीएंना एप्रिलची तेरीज हवी आहे आणि मामा गावी गेलेत, जाण्याआधी त्यांनी पानाचा एकच फोटो पाठवला. मी एक्सेलमध्ये उतरवला. A मध्ये नोंद क्रमांक, B मध्ये खातं, C नावे, D जमा. पान असं आहे:

१) रोख ५०,००० नावे, भांडवल जमा
२) खरेदी १८,६०० नावे, पुरवठादार जमा
३) रोख १२,४०० नावे, विक्री जमा
४) भाडं ७,२०० नावे, रोख जमा
५) पुरवठादार १०,००० नावे, सूट २००, रोख ९,८०० जमा
६) वीज बिल १,३५० नावे, रोख जमा

प्रत्येक खात्याची बाकी अशी काढली, G2 मध्ये खात्याचं नाव:

```
=SUMIF(B:B,G2,C:C)-SUMIF(B:B,G2,D:D)
```

उत्तर अधिक आलं की नावे, उणे आलं की जमा. नावे बाजू ७१,४०० येते, जमा ७१,०००. सगळं दोनदा तपासलं.

पार्लेकर७:
फरकाला ९ ने भागून बघ. भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटसुलट झालेत, ७२ चे २७ वगैरे. ४०० ला जात नाही, म्हणजे ४०० ची एखादी नोंद राहिली. फोटो झूम करून शोध.

जुना_मुनीम:
पार्लेकर, ९ चा नियम बरोबर, पण पुढचा निष्कर्ष घाईचा. अख्खी नोंद राहिली तर नावे आणि जमा दोन्ही बाजू सारख्याच कमी होतात, फरक पडतच नाही. एकच बाजू राहिली तर पडतो. पण या पानावर ४०० आकडाच नाही. रक्कम चुकीच्या बाजूला लिहिली गेली तर फरक तिच्या दुप्पट येतो, म्हणून फरकाचं अर्ध करायचं. २०० कुठे आहे?

मेधाताई, आधी C आणि D या रकान्यांची नुसती बेरीज करा. तिथेही ४०० चाच फरक असेल तर तेरीज करण्यात चूक नाही, पान उतरवण्यातच आहे. मग नोंद क्रमांक घालून एकेक नोंद तपासा:

```
=SUMIF(A:A,5,C:C)-SUMIF(A:A,5,D:D)
```

शून्य यायला हवं.

सोसायटी_सचिव_बोरिवली:
आमच्याकडे ऑडिटरने असाच फरक काढला होता, शेवटी सस्पेन्स खात्यात टाकला. तुम्हीही तेच करा, सीए बघतील पुढचं.

जुना_मुनीम:
सचिवसाहेब, सस्पेन्स हा शोध थकल्यावरचा उपाय. इथे सहा नोंदी आहेत.

मेधा_गिरगाव:
C ९९,७५०, D ९९,३५०. पाचव्या नोंदीत ४०० आले! सूट मी C मध्ये लिहिली होती. फोटोत वहीची घडी तिथेच येते, जमा खात्याची ओळ जराशी आत सरकवून लिहिलेली असते ते सावलीत दिसलंच नाही, ती पुरवठादाराच्या खालीच वाटली. हलवल्यावर दोन्हीकडे ७१,२००. सुटले.

जुना_मुनीम:
थांबा, अजून सुटला नाहीत. बाजू जुळल्या म्हणजे आकडे खरे असं नाही. एका नोंदीची रक्कम नावे आणि जमा दोन्हीकडे तुम्ही सारखीच चुकीची वाचली, तर तेरीज बिनबोभाट जुळते. फोटोवरून उतरवताना हाच धोका मोठा. जुन्या हाताच्या लिखाणात १ आणि ९ नीट बघा. वीज बिल १,३५० च आहे ना? ९,३५० असेल तर रोख ४४,०५० च्या जागी ३६,०५० होईल, आणि तेरीज तरीही जुळेल, दोन्हीकडे ७१,२०० च.

पानाच्या तळाशी 'पुढे नेले' म्हणून दोन्ही रकान्यांची बेरीज लिहिलेली असते. ती ९९,५५० असेल तर तुमचे आकडे बहुधा बरोबर, १,०७,५५० असेल तर बिल ९,३५० असणार. मामांनी बेरीज मारताना चूक केली नसेल, हे धरून.

मेधा_गिरगाव:
तळ फोटोत कापला गेलाय, सहाव्या नोंदीनंतर मामांचा अंगठा आहे. आणि खरं सांगू, त्या आकड्याला खाली शेपटी आहे, वर गाठ आहे की नाही कळत नाही. पंखे-दिव्यांचं दुकान नाही आमचं, ९,३५० जास्तच वाटतात, पण मागचं बिल थकलं असेल तर माहीत नाही.

पार्लेकर७:
गल्ल्यातली रोकड मोज ना. ४४,०५० आहे का बघ.

जुना_मुनीम:
गल्ला आजचा, वही एप्रिलची. त्यानंतरची उलाढाल आधी वजा करावी लागेल. त्यापेक्षा बिलाची पावती बघा, नाहीतर मामांकडून पानाचा तळ मागवा. तोवर सीएंना पाठवू नका, पाठवलीच तर वीज बिलावर पेन्सिलने खूण करून पाठवा.

मेधा_गिरगाव:
पावत्या दुकानातल्या कपाटात आहेत आणि किल्ली मामांकडे. ते सोमवारी येतायत, तळाचा फोटो मिळाला की इथेच टाकते.