मदत हवी आहे: मराठी-इंग्रजी निवेदन कसं गुंफावं?

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या सोसायटीत शनिवारी यमनची बैठक आहे आणि गायिकेची ओळख मी करून देणार आहे. निम्मे श्रोते मराठी, निम्मे तमिळ आणि बंगाली शेजारी.

पहिल्या तालमीत प्रत्येक मराठी वाक्याचं लगेच इंग्रजी केलं. तीन मिनिटांची ओळख सहा मिनिटांची झाली, आणि दोन्ही भाषा येणाऱ्यांना सगळं दोनदा ऐकावं लागलं. मग मजकूर दोन भाषांत वाटून टाकला, तर गुरूंचं नाव फक्त मराठीत राहिलं.

आता असं करते: नाव, गुरू, राग, ताल दोन्ही भाषांत, बाकी वाक्यं एकमेकांना पुढे नेणारी. उदाहरणार्थ, "यमनमध्ये मध्यम तीव्र लागतो." लगेच, "दॅट रेज्ड फोर्थ गिव्ज यमन इट्स ग्लो. लिसन फॉर इट." मग मराठीत, "आधी विलंबित एकताल, बारा मात्रांचा."

अडचण इथेच आहे. 'विलंबित' न कळलेल्यांसाठी 'स्लो' कुठे घालू? लगेच म्हटलं तर पुन्हा भाषांतर होतं, पुढच्या इंग्रजी वाक्यात ठेवलं तर तोवर ते तुटतात. निवेदन करणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय करता?