मदत हवी आहे: डीटीटी देऊनही अँटी-ए टायटर शून्य होत नाही

रक्तपेढी_रात्रपाळी: अँटी-ए टायटर १२८ होता, डीटीटीनंतर १६ आला. आयजीएम तुटून शून्य यायला हवा ना? डीटीटी खराब झालंय का? उद्या रिपोर्ट द्यायचाय, लवकर सांगा.

जुना_टायट्रेटर: नमुना कोणाचा, रक्तगट कोणता? दोन्ही टायटर सलाइनमध्ये लावले की कूम्ब्सने? डीटीटी किती मोलर?

रक्तपेढी_रात्रपाळी: गरोदर बाई, ओ पॉझिटिव्ह. नवरा ए. आधीचा सलाइनमध्ये, नंतरचा कूम्ब्सने. डीटीटी फ्रीजरमधलं, ०.२ मोलर लिहिलंय.

पॅथॉलॉजी_पीजी: मग १६ म्हणजे उरलेला आयजीएमच. काळजी नको, तो आकाराने मोठा, वारेतून जात नाही.

जुना_टायट्रेटर: थांबा. ओ गटात अँटी-ए आयजीजीसुद्धा असतो, आणि कूम्ब्समध्ये तोच दिसणार. आकाराचं कारणही अपुरं आहे. रक्तातला सुटा आयजीए साधारण आयजीजीएवढाच असतो, तरी वार ओलांडत नाही. आयजीजीच्या एफसी टोकाला वारेतला एफसीआरएन धरतो, म्हणून तो पलीकडे जातो.

आयजीएममध्ये पाच एकक डायसल्फाइड बंधांनी जोडलेले, पकडीच्या जागा दहा. म्हणून सलाइनमध्येच तांबड्या पेशींचे गठ्ठे होतात. सौम्य डीटीटीने एकक सुटे झाले की गठ्ठा बांधायची ताकद जाते. आयजीजी मात्र पेशीला चिकटतो आणि कूम्ब्समध्ये सापडतो.

०.२ मोलर डॅराटुमुमॅबच्या रुग्णासाठी पॅनेलच्या पेशींवर वापरतात. प्लाझ्माला ०.०१ मोलर हवं: ०.१५४ ग्रॅम डीटीटी, १०० मिली पीबीएसमध्ये. जास्त तीव्र दिलं की प्लाझ्मा जेलीसारखा होतो. समान भाग मिसळून ३७ अंशांवर ३० ते ६० मिनिटं ठेवा. शेजारी प्लाझ्मा अधिक पीबीएसची नळी लावाच, कारण समान भागाने टायटर तसाही एक नळी उतरतो.

आई_पुण्याची: माझ्या मुलाचा आयजीई ६५० आलाय. हे औषध दिलं तर उतरेल का?

जुना_टायट्रेटर: नाही हो ताई, हे औषध नव्हे, नळीतलं रसायन आहे. आयजीई मास्ट पेशींवर बसून अ‍ॅलर्जी घडवतो. बालरोगतज्ज्ञांना विचारा.

रक्तपेढी_रात्रपाळी: ०.०१ ने पुन्हा लावलं. सलाइनमध्ये डीटीटी नळी शून्य, पीबीएस नळी ६४. कूम्ब्समध्ये डीटीटीनंतर १६.

जुना_टायट्रेटर: म्हणजे डीटीटी उत्तम चाललंय. सलाइनमधला १२८ आयजीएमचा, पीबीएसमध्ये ६४ झाला तो पातळ झाल्यामुळे. १६ हा आयजीजी, दुप्पट करून ३२.

पॅथॉलॉजी_पीजी: ३२ म्हणजे बाळाला धोका?

सीरम_सखी: आकड्यावरून ठरत नाही. अँटी-ए बराचसा आयजीजी-२ असतो, तो वारेतून कमी जातो, शिवाय बाळाच्या इतर ऊतींवरचा ए प्रतिजनही तो शोषतो. आमच्याकडे टायटर लावतच नाही, जन्मानंतर डायरेक्ट कूम्ब्स आणि बिलिरुबिन बघतो.

जुना_टायट्रेटर: टायटर अजिबात नको हे मला पटत नाही. आधीच्या बाळाला जोराची कावीळ झाली असेल, तर आकडा हाताशी असावा. रात्रपाळी, पहिलं बाळ आहे का?