मदत हवी आहे: परदेशी नोकरी आणि कोर्ट मॅरेजची नोटीस
म्युनिकची ऑफर मी स्वीकारली. १ ऑक्टोबरला रुजू व्हायचंय, पुढे ढकलून मिळालं नाही. मी दादरची, तो वसईचा ख्रिश्चन, धर्म वेगळे म्हणून लग्न विशेष विवाह कायद्याने करायचं ठरवलंय. ऑफर लोकलमध्ये दाखवली तेव्हा अभिनंदन करून तो बोरिवलीपर्यंत गप्पच होता. मग म्हणाला, "जा, पण पुढचं दोघांनी मिळून ठरवू." मलाही तेच हवंय. मी एकटीने ठरवल्यासारखं त्याला वाटेल याचीच धास्ती आहे.

ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला जर्मन परीक्षेची अट नाही, तिथे नोकरीही करता येते, हे पाहिलंय. अडलंय ते तारखांवर. १० सप्टेंबरला नोटीस दिली तर लग्नाआधी थांबायचे ३० दिवस संपण्याआधीच मी गेलेली असेन. नोटीस तीन महिनेच चालते, म्हणजे १० डिसेंबरपर्यंत. मला रजा मिळणार नाताळात.

दुसरा मार्ग म्हणजे नोव्हेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात नवी नोटीस. दोघांपैकी एकाचा तिथे आधीचा ३० दिवसांचा रहिवास लागतो, तो त्याचा आहे. पण नोटिशीवर सही दोघांची लागते. एक जण परदेशात असताना कुणी अशी नोटीस दिली आहे का? सही कशी चालली, की प्रत्यक्ष हजर राहावं लागलं?