मदत हवी आहे: ३० मजली ऑफिस इमारतीचा कोअर फार जागा खातोय

रेघोट्या: मजला ४२ × ३६ मीटर, म्हणजे १,५१२ चौ.मी. त्यातला ३३६ चौ.मी. कोअर, जवळपास २२ टक्के. लिफ्ट १२ : सहा पंधराव्यापर्यंत, सहा त्यावरच्या मजल्यांना. दोन जिने, दोन टोकांना. खालच्या गटाभोवती जिना, टॉयलेट, एएचयू रूम आणि पलीकडे वरचा गट. क्लायंटला १८ टक्के हवेत. कात्री कुठे लावू?

गच्चीवरचा: आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसवायचीय, जिन्याच्या मधल्या पोकळीत बसेल का?

रेघोट्या: दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

चौकोन: जिने शेजारी-शेजारी घ्या. मधला पॅसेज वाचतो, भिंतही एकच लागते.

जुना_खांब: पॅसेज वाचतो हे खरं, पण एकाच ठिकाणच्या घटनेत दोन्ही जिने जातात. २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर टॉवरमध्ये तिन्ही जिने कोअरमध्ये जवळजवळ होते आणि विमान धडकलं तिथे तिन्ही तुटले. वरच्या मजल्यांवरचं कुणीच खाली येऊ शकलं नाही. जिने आहेत तिथेच राहू द्या.

तुमची जागा खालच्या लिफ्टच्या गटात अडकलीय. पंधराव्याच्या वर त्या लिफ्ट नाहीतच. एक शाफ्ट २.६ × २.६ धरला तर सहांचे ४१ चौ.मी. आणि मधली लॉबी २३, असे ६४. ओव्हरहेड आणि मशिन रूममध्ये १६ आणि १७ गेले समजा. उरलेल्या १३ मजल्यांवर मिळून ८३२ चौ.मी. सुटतात, म्हणजे अर्ध्या मजल्याहून जास्त.

पण आत्ताच्या मांडणीत ती जागा चारी बाजूंनी कोंडलेली आहे. तिथे फार तर स्टोअर होईल, भाडं कोण देणार? एएचयू आणि इलेक्ट्रिकल रूम शेवटच्या मजल्यापर्यंत लागणारच, म्हणून त्या वरच्या गटाच्या बाजूला सरकवा. खालच्या गटाची एक अख्खी बाजू ऑफिसकडे मोकळी ठेवा.

रेघोट्या: हे सुचलंच नव्हतं. म्हणजे १८ टक्के फक्त वरच्या मजल्यांवर?

जुना_खांब: हो. खाली २२ च राहणार, क्लायंटला आधीच सांगा.

सळई: मी स्ट्रक्चरवाली. लिफ्टच्या भिंती तुमच्या शिअर वॉल आहेत ना? एकाच बाजूच्या भिंती सतराव्याला संपल्या की वरचा कोअर एकांगी होतो आणि भूकंपात इमारत पिळवटते. खालचा गट मधोमध घ्या, वरचा तीन-तीन असा दोन्हीकडे विभागा.

जुना_खांब: मग वरच्या लिफ्टला दोन लॉबी. माणसाने बटण दाबून कुठे उभं राहायचं?

सळई: ते तुम्ही बघा. नाहीतर टोकाची एक भिंत वरपर्यंत न्या आणि तिच्यात दारापुरतं भगदाड ठेवा.

रेघोट्या: भिंत ठेवली तर ऑफिसकडची बाजू पुन्हा बंद होते. दोन्ही मांडणी मॉडेलमध्ये टाकून पिळाचे आकडे इथे देतो.