प्रतिसाद: पन्नाशीच्या भाषणातले विनोद

> मोठ्या भावाच्या पन्नाशीला चार शब्द बोलायचे आहेत. गुडघे, विसराळूपणा यांवर विनोद हवेत, पण त्याला लागायला नकोत.

गुडघ्यांवर एकच वाक्य पुरे: "पूर्वी दादा पंगतीत कुठेही मांडी ठोकायचा, आता बसण्याआधी, उठवायला जवळ कोण आहे ते बघून घेतो." त्यांचे गुडघ्याचे उपचार खरोखरच चालू असतील, तर मात्र हेही गाळावे.

खरा वेळ विसरण्याला द्यावा. "दादाला हल्ली आठवत नाही" एवढ्यावर कोणी हसत नाही; प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहावा लागतो. उदाहरणार्थ: "दादा स्वयंपाकघरात येतो, फ्रिज उघडतो, कोथिंबिरीकडे बराच वेळ टक लावून पाहतो आणि विचारतो, 'मी इथे कशाला आलो होतो गं?' वहिनी पोळी लाटता लाटता, मान वर न करता म्हणते, 'कपाळावर आहे.'" येथे थांबावे. 'चष्मा' हा शब्द आपण उच्चारायचा नाही, कारण तो श्रोत्यांना स्वतः सापडला की हशा पिकतो आणि आपण सांगितला की विरतो.

त्यानंतर दादांची बाजू घ्यावी. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातील गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांच्या 2011 सालच्या प्रयोगांत, दार ओलांडून दुसऱ्या खोलीत गेल्यावर महाविद्यालयीन तरुणांच्याही स्मरणात चुका वाढल्याचे दिसले होते. तेव्हा म्हणावे, "दोष दादाच्या वयाचा नाही, बिल्डरचा आहे, त्याने घराला दारे फार ठेवली."