शब्दचर्चा: "गाडी चालू" म्हणजे नक्की काय चालू?

वारज्याची सून
उद्या पहाटे सासरे कोल्हापूरला निघतायत, सेल्फ ड्राइव्हची गाडी भाड्याने घेतलीये. ते तीस वर्षं गाडी चालवतायत पण ही गाडी नवीन आणि इंग्रजी जेमतेम, म्हणून मी मॅन्युअलमधल्या डॅशबोर्डच्या लाइट्सच्या पानाचा फोटो काढून मराठीत एक कागद करतीये. तेलाच्या किटलीसारखं चित्र आहे तिथे अडलीये. मी लिहिलं, "गाडी चालू केल्यावर हा दिवा लागतो, काळजी नसावी. गाडी चालू असताना लागला तर गाडी चालवत राहावी, पण लवकर दाखवून घ्यावी." नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणे पहिलं आणि दुसरं वाक्य एकच झालं की. आणि 'फ्लॅश' ला काय म्हणू, लुकलुकणे?

सदाशिव पेठी
लुकलुकतात ते तारे. दिव्याची उघडझाप होते. आणि तुमच्या कागदावर पुढे कुठे 'दिवा विझतो' लिहिलं असेल तर तेही बदला, दिवा मालवतो किंवा शांत होतो, विझतो म्हणत नाहीत.

पिंपरी_७८
किटली म्हणजे ऑइल कमी, सोप्पंय. डिकीत एक लिटर ऑइल ठेवायला सांगा, लाइट लागली की ओतायचं नि पुढे जायचं, मी असंच करतो.

नाना पेठ गॅरेज
ताई आधी तुमच्या त्या शेवटच्या वाक्याचं बघा, 'चालवत राहावी' हे कुठून आलं? लाल किटली लागल्यावर गाडी चालवायला सांगणारं मॅन्युअल मी तरी पाहिलं नाही. फोटोत ती ओळ पुस्तकाच्या शिवणीकडे गेलीये का बघा.

आणि ७८ दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. ती लाल किटली ऑइलच्या प्रेशरची आहे, लेव्हलची नाही. ऑइल फार खाली गेलं की प्रेशर पडतं हे खरं, पण ऑइल फुल असून पंप गेला किंवा जाळी चोक झाली तरी तीच लाइट लागते आणि तेव्हा वरून लिटरभर ओतून काही होत नाही, इंजिन कोरडं फिरत राहतं आणि थोड्याच वेळात बेअरिंग धरतं. लेव्हलची लाइट काही गाड्यांत वेगळी असते, पिवळी, किटलीखाली लाटेसारखी रेघ. म्हणून ताई कागदावर 'ऑइल कमी' लिहू नका.

वारज्याची सून
अरे देवा. तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता पार्किंगमध्ये जाऊन पान हाताने दाबून सपाट धरून परत फोटो काढला. आधीच्या फोटोत ओळीच्या शेवटी 'डू' दिसत होतं आणि खालची ओळ 'कंटिन्यू ड्रायव्हिंग' पासून सुरू. मधला 'नॉट' शिवणीच्या वळणात गेला होता!! मी तर नीट वाक्य लावून भाषांतर करून टाकलं होतं. आता बाकीची दहा चित्रं पण परत तपासते.

हडपसर एक्सप्रेस
सेल्फ ड्राइव्हवाल्यांचं नावच काढू नका, मागच्या महिन्यात मला गाडी दिली ती पाना लागलेलाच होता, सर्व्हिसचा, आणि परत देताना म्हणे हा तुमच्यामुळे लागला, डिपॉझिटमधून कापले. तो पाना घालवायचा कसा कोणाला माहितीये का?

सदाशिव पेठी
इथे शब्दांची चर्चा चालू आहे.

नाना पेठ गॅरेज
हडपसर, निघताना चावी ON करून डॅशबोर्डचा व्हिडिओ काढत जा, एवढंच सांगतो.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे. गडबड 'गाडी चालू' या शब्दाची आहे. आपण तीन गोष्टींना एकच म्हणतो: चावी ON वर आली तरी गाडी चालू, इंजिन घरघरायला लागलं तरी गाडी चालू, आणि रस्त्यावर पळतीये तरी चालूच. आमच्या गॅरेजमध्ये पण रोज होतं, गिऱ्हाईक फोनवर म्हणतं गाडी चालू केली की किटली दिसते, मला विचारायला लागतं की इंजिनचा आवाज येतोय का.

किटलीला याच्यावरच सगळं आहे. ऑइलचा पंप इंजिनवर फिरतो. चावी ON आहे पण इंजिन बंद, तर पंप बंद, प्रेशर शून्य, म्हणून लाइट लागणारच आणि लागलीच पाहिजे, नाही लागली तर बल्ब किंवा वायरिंग गेलंय आणि मग खऱ्या वेळेला पण लागणार नाही. इंजिन सुरू झालं की दोन-चार सेकंदांत गेली पाहिजे. नंतर लाल दिसली की साइडला घेऊन इंजिन बंद. मग गाडी उभी आहे का पळतीये याचा काही संबंध नाही, सिग्नलला उभं असताना लागली तरी तेच.

वारज्याची सून
मग असं चालेल का? "चावी ON केली की लागते, बरोबर आहे. इंजिन सुरू झालं की गेली पाहिजे. इंजिन सुरू असताना लागली तर लगेच बाजूला थांबून इंजिन बंद करा, पुढे नेऊ नका." पण या गाडीला चावी फिरवायची नाहीये, बटण आहे.

नाना पेठ गॅरेज
झकास. बटणवाल्या बहुतेक गाड्यांत ब्रेक न दाबता दोनदा बटण दाबलं की ON होतं. ते सासऱ्यांना रात्रीच करून दाखवा, ब्रेक दाबून बटण दाबायची सवय असते त्यामुळे इंजिन थेट सुरू होतं आणि कुठल्या लाइट लागून गेल्या ते बघायला वेळच मिळत नाही.

कर्वेनगर, मुक्काम सातारा
आमचा किस्सा सांगते. खंबाटकीला वळणं आली की किटली उघडझाप करायची, सरळ रस्त्यावर गायब. हे म्हणाले वायर लूज असेल, मॅन्युअलमध्ये 'लागली तर' लिहिलंय, ही लागत नाहीये नुसती ब्लिंक होतीये!! साताऱ्यात डिपस्टिक काढली तर टोकाला जेमतेम ओल.

नाना पेठ गॅरेज
अगदी बरोबर, ऑइल कमी असलं की वळणावर ते चेंबरमध्ये एका बाजूला पळतं आणि पंपाला क्षणभर मिळत नाही. म्हणून किटलीपुरतं ताई 'लागली किंवा क्षणभर जरी चमकली' असं लिहा. इंजिन बंद करून सपाट जागी पाचेक मिनिटं थांबायचं, डिपस्टिक काढून पुसून परत पूर्ण घालून मग बघायचं. खालच्या खुणेच्या खाली असेल तर कंपनीला फोन करून ऑइलचा ग्रेड विचारून भरायचं. दोन खुणांच्या मध्ये असून लाइट लागत असेल तर परत स्टार्ट मारायचं नाही, क्रेनच बोलवायची.

पिंपरी_७८
माझी पिवळी असेल मग बहुतेक, बघतो. पण पान काळंपांढरं असलं तर लाल पिवळं कळणार कसं?

वारज्याची सून
चित्राखाली शब्दात लिहिलंय, 'रेड' आणि 'अंबर'. अंबरला केशरी लिहू का? लाल नि केशरी रात्री पटकन वेगळे वाटणार नाहीत अशी मला भीती.

सदाशिव पेठी
सिग्नलच्या मधल्या दिव्याला आपण पिवळाच म्हणतो. पिवळा लिहा. बाकी 'ऑइलचा दाब' लिहा, प्रेशर कशाला.

नाना पेठ गॅरेज
दाब लिहून उद्या हे कराडच्या मेकॅनिकला दाखवणार, तो विचारेल दाब कसला. प्रेशर ठेवा.

वारज्याची सून
कागद झाला, सासऱ्यांना दिला. त्यांनी 'दाब' खोडून 'प्रेशर' केलं आणि 'पिवळा' खोडून 'नारिंगी' केलं, म्हणे मला नारिंगीच दिसतो. आता खाली बॉनेट उघडून डिपस्टिक शोधतायत, टॉर्च मी धरायचीये.